तक्त्यातला जास्तीचा रकाना

उत्तर दिसायला अगदी स्वच्छ होतं. जर्नलच्या पानावर निळ्या शाईत तक्ता, खाली आकडेमोड, आणि सर्वांत खाली पट्टीने आखलेल्या चौकटीत दोन गोष्टी: एकूण कोटी ३, k = ०.१२६. समोरच्या इमारतीतली ही मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तीसेक वर्षं प्रॅक्टिकल घेण्यात घालवली, हे तिला तिच्या आईकडून कळलं होतं. "काका, उत्तर बरोबर आहे का एवढंच बघा," ती म्हणाली. "पुस्तकात या प्रयोगाचं उत्तर दिलेलंच नाही."

उत्तर दिलेलं नाही ही तिची तक्रार होती. पण अशा तक्त्याची गंमत अशी की उत्तर तपासायला पुस्तक लागतच नाही, निदान निम्म्या कामाला तरी. उरलेल्या निम्म्या कामाला मात्र तक्ताही पुरत नाही. ही दोन निम्मी कुठे वेगळी होतात ते त्या संध्याकाळी तिच्या जर्नलवरच नीट दिसलं, म्हणून ते जसं झालं तसं सांगतो.

आधी प्रयोग काय होता ते. पोटॅशियम परसल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइड यांची द्रावणं एकत्र केली की हळूहळू आयोडीन सुटू लागतं. समीकरण असं:

S₂O₈²⁻ + 2I⁻ → 2SO₄²⁻ + I₂

आपल्याकडच्या कॉलेजांत हा प्रयोग वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. प्रश्न एवढाच असतो की परसल्फेट आणि आयोडाइड यांची संहती बदलली, म्हणजे द्रावण जास्त दाट किंवा विरळ घेतलं, तर अभिक्रियेचा दर किती बदलतो. परसल्फेट दुप्पट केल्यावर दर दुप्पट होत असेल तर परसल्फेटचा घात १. चौपट होत असेल तर २. काहीच फरक पडत नसेल तर शून्य. सगळ्या घातांची बेरीज म्हणजे अभिक्रियेची कोटी, विद्यार्थ्यांच्या तोंडी 'ऑर्डर'. (मराठीत कोटी म्हटलं की एकतर शंभर लाख आठवतात नाहीतर शब्दांवरचा विनोद. पण पाठ्यपुस्तकांनी हाच शब्द घेतलाय, तर असो.)

दर मोजायचा कसा? त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. मिश्रणात थोडंसं सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च घालून ठेवायचं. थायोसल्फेटला लॅबमध्ये सगळे 'हायपो' म्हणतात, फोटोग्राफीच्या काळापासून. सुटणारं आयोडीन हा हायपो तिथल्या तिथे गिळून टाकतो आणि त्याचं परत आयोडाइड करतो. त्यामुळे बीकर पाण्यासारखा स्वच्छ दिसत राहतो. हायपो संपला की पुढचं आयोडीन मोकळं राहतं, स्टार्चला भिडतं, आणि सगळा बीकर एका क्षणात गडद निळा होतो. स्टॉपवॉच तिथे थांबवायचं. ऑक्सफर्डला ऑगस्टस हारकोर्ट हा रसायनशास्त्रज्ञ आणि विल्यम एसन हा गणिती, या जोडीने १८६० च्या दशकात हायड्रोजन परॉक्साइड आणि आयोडाइडवर याच पद्धतीने काम केलं होतं. एकजण घड्याळाकडे बघणारा, दुसरा आकड्यांकडे. दोन्ही कामं एकाच विद्यार्थ्याच्या गळ्यात आपण नंतर घातली.

हायपो अगदी कमी घेतात, त्यामागे कारण आहे. या प्रयोगात मिश्रणातला हायपो लिटरमागे १ मिलिमोल होता. आयोडीनचा एक रेणू हायपोचे दोन आयन खातो. म्हणजे निळा रंग येईपर्यंत ०.५ मिलिमोल आयोडीन तयार झालं, आणि तेवढंच परसल्फेट खर्च झालं. सुरुवातीला परसल्फेट ४० मिलिमोल असेल तर त्यातला सव्वा टक्काच गेला. आयोडाइड तर हायपोमुळे परत मिळतच राहिलं. म्हणून बीकरमध्ये सुरुवातीला जी संहती घातली तीच मोजणीच्या वेळीही होती असं धरता येतं. 'प्रारंभिक दर' हे नाव त्यावरून आलं. अभिक्रिया पुढे गेल्यावर काय होतं त्याच्या भानगडीत पडायचं नाही, पहिलं पाऊल मोजायचं आणि बीकर ओतून द्यायचा.

तिचा तक्ता असा होता. संहती मिलिमोल प्रति लिटरमध्ये, दर मायक्रोमोल प्रति लिटर प्रति सेकंद.

| ओळ | परसल्फेट | आयोडाइड | वेळ (सेकंद) | दर |
|---|---|---|---|---|
| १ | ४० | ४० | ६२ | ८.०६ |
| २ | २० | ४० | १२६ | ३.९७ |
| ३ | ४० | २० | १२२ | ४.१० |
| ४ | ३० | ६० | ५५ | ९.०९ |

दराचा रकाना सोपा आहे. ०.५ मिलिमोल म्हणजे ५०० मायक्रोमोल, त्याला वेळेने भागायचं. (मूळ जर्नलमध्ये हा रकाना असा नव्हता. ती भानगड पुढे येते. आधी घातांचं पाहू.)

तिने ओळ १ आणि २ शेजारी ठेवल्या. आयोडाइड दोन्हीकडे ४०, परसल्फेट निम्मं झालं, दरही जवळपास निम्मा झाला. परसल्फेटचा घात १. इथपर्यंत ठीक. मग आयोडाइडच्या घातासाठी तिने तक्त्याकडे न बघता समीकरणाकडे बघितलं. तिथे आयोडाइडच्या आधी २ आहे, म्हणून घात २. एकूण कोटी ३. मग ओळ १ चे आकडे घालून k काढला आणि चौकट आखली.

ही चूक इतकी माणसाळलेली आहे की तिच्यावर रागावता येत नाही. समीकरणातले आकडे शेवटी हिशेब किती जुळला ते सांगतात, म्हणजे किती गेलं आणि किती आलं. वाटेत कोण कोणाला कधी भेटलं, कुठल्या भेटीला सगळ्यात जास्त वेळ लागला, हे त्यांत नसतं. दर मात्र त्या सगळ्यात संथ भेटीवर ठरतो. इथे एक परसल्फेट आणि एकच आयोडाइड भेटतात, ती भेट संथ. दुसरं आयोडाइड नंतर येतं आणि त्याचं काम चटकन उरकतं. पण हे सगळं तिला मी सांगितलं नाही. म्हटलं, "k फक्त पहिल्या ओळीतून काढलास ना? आता चारही ओळींतून काढ. उजवीकडे एक रकाना वाढव."

k म्हणजे दरस्थिरांक. दर बरोबर k गुणिले संहती, ज्याच्या त्याच्या घातासकट. संहतीमुळे दरात जो फरक पडतो तो सगळा घातांनी उचलायचा असतो आणि k ने स्थिर राहायचं असतं. म्हणजे एका तापमानाला चारही ओळींत k एकच यायला हवा. तसा तो येत नसेल, तर घातांनी आपलं काम केलेलं नाही आणि उरलेलं ओझं k वर पडलंय.

तिने आकडेमोड केली. पहिल्या ओळीत ०.१२६. दुसरीत ०.१२४. तिसरीत ०.२५६. चौथीत ०.०८४.

"अय्या," ती म्हणाली.

इथे बहुतेक मुलं एवढंच म्हणतात की k जुळला नाही, म्हणजे उत्तर चुकलं, आणि सगळं खोडून पुन्हा सुरुवात करतात. पण हा रकाना चूक आहे एवढंच सांगून थांबत नाही. कुठे आहे आणि किती आहे, तेही सांगतो. ओळ १ आणि २ मध्ये परसल्फेट बदललं, k हलला नाही. म्हणजे परसल्फेटचा घात निर्दोष. ओळ १ वरून ३ वर जाताना आयोडाइड निम्मं झालं आणि k दुप्पट झाला. म्हणजे दोष आयोडाइडच्या घातात. आणि निम्म्याला दुप्पट याचा अर्थ घात नेमका १ ने जास्त घेतलाय. घात १ ने कमी घेतला असता तर उलटं झालं असतं, आयोडाइडबरोबर k सुद्धा निम्मा झाला असता. चौथी ओळ याला दुजोरा देते. तिथे आयोडाइड ४० चं ६०, म्हणजे दीडपट आहे. ०.१२६ ला दीडने भागलं की ०.०८४ येतो. बरोबर तोच आकडा. चुकीच्या उत्तरातूनच बरोबर उत्तर निघालं, नव्याने काही मांडावं लागलं नाही.

आयोडाइडचा घात १ केला. आता k म्हणजे दर भागिले दोन्ही संहतींचा गुणाकार. पहिल्या ओळीत ८.०६ भागिले १६००, म्हणजे ०.००५०४. पुढच्या ओळींत ०.००४९६, ०.००५१२, ०.००५०५. (एककं इथे नशिबाने जुळून येतात. मायक्रोमोलला मिलिमोलच्या वर्गाने भागलं की लाखांचे हिशेब आपोआप कटतात आणि k थेट लिटर प्रति मोल प्रति सेकंद असा मिळतो.)

या चारांत सर्वांत जास्त विश्वास चौथ्या ओळीवर ठेवावा. पहिल्या तीन ओळी घात काढायला वापरल्या होत्या, त्यामुळे त्या उत्तराशी जुळल्या तर फारसं नवल नाही. चौथी ओळ कशालाही वापरली नव्हती. तिच्यात दोन्ही संहती वेगळ्या, एकमेकींशीही वेगळ्या. तिचा दर आधी भाकीत म्हणून काढता येतो. ०.००५०४ गुणिले ३० गुणिले ६०, म्हणजे ९.०७. मोजलेला ९.०९. तक्ता आखतानाच अशी एक ओळ बाजूला ठेवावी आणि घात ठरल्याशिवाय तिच्याकडे बघू नये. दोन्ही गोष्टी एकदम बदललेली ओळ घात काढायला अडचणीची असते, पण साक्ष द्यायला तिच्यासारखी दुसरी नाही.

आता ०.००४९६ आणि ०.००५१२ हे 'एकच' आहेत असं मी म्हणतो, ते कशाच्या जोरावर? आणि ०.१२६ व ०.२५६ 'एकच नाहीत' हे कशाच्या जोरावर? निळा रंग आल्यावर बोट दाबायला एखादा सेकंद इकडेतिकडे होतो. ६२ सेकंदांत एक सेकंद म्हणजे दीड टक्क्याहून थोडं जास्त. पिपेटची चूक त्याहून लहान. शिवाय दुसऱ्या ओळीत परसल्फेट कमी असल्यामुळे त्याचा अडीच टक्के भाग खर्च झाला, म्हणून तिचा k किंचित खाली येणं अपेक्षितच आहे. तेव्हा चारही आकडे मधल्या आकड्याच्या दोन टक्क्यांच्या आत आहेत, आणि एवढी ढिलाई हाताची म्हणून सोडता येते. दुप्पट फरक हाताचा असू शकत नाही.

घाताचंही तसंच. ओळ १ आणि २ मधून घात नीट काढला तर असा येतो:

n = log(८.०६ ÷ ३.९७) ÷ log(४० ÷ २०) = १.०२

ओळ १ आणि ३ मधून ०.९८. दोन्ही १ च. पण समजा तिने परसल्फेट ४० वरून २० न करता ४४ वरून ४० केलं असतं. दर १.१० पट बदलायला हवा होता. मोजणीत तीन टक्के चूक होऊन तो १.१३ पट दिसला असता, तर घात आला असता १.२८. चूक दुसऱ्या बाजूला होऊन १.०७ दिसला असता, तर ०.७१. तीच तीन टक्के चूक संहती दुप्पट-निम्मी करताना घाताला चार-पाच शतांशांचा धक्का देते, आणि दहा टक्क्यांच्या बदलात तीस शतांशांचा. म्हणून तक्त्यातल्या संहती दुपटीने किंवा त्याहून जास्त बदललेल्या असतात. घात तोडका आला तर आधी संहती किती ताणल्या होत्या ते बघावं.

एवढं झाल्यावर ती उठायला लागली. मी जर्नलचं मागचं पान उलटलं, आणि तिथे तिचा खरा दराचा रकाना सापडला. वर दिला आहे तो मी मघाशी पेन्सिलीने दुरुस्त केला होता, कारण घातांचा गुंता सुटण्याआधी दुसरा गुंता नको होता. तिने १ मिलिमोलला वेळेने भागलं होतं, ०.५ ला नाही. हायपो १ मिलिमोल होता, तो संपला, म्हणून १. म्हणजे तिचे मूळ दर १६.१, ७.९४, ८.२०, १८.२ असे होते. चौकटीतला ०.१२६ सुद्धा मीच फिरवून दिलेल्या रकान्यावरून तिने पुन्हा लिहिला होता. आधी तिथे ०.२५२ होता.

"मग या दरांवरून k काढ," म्हटलं, "नव्या घातांनी." तिने काढला. ०.०१०१, ०.००९९, ०.०१०२, ०.०१०१. चारही सारखे.

या तपासणीची मर्यादा ती हीच. रकाना एकसारखा आला म्हणजे घात बरोबर आहेत. k बरोबर आहेच असं मात्र नाही. प्रत्येक ओळीत जी चूक एकाच पटीने होते ती या रकान्याला दिसतच नाही. वजनकाट्याच्या पारड्याखाली खडा चिकटवला तर दहा गिऱ्हाइकांचं वजन आपसांत जुळतं आणि दहाही फसतात, तसं. हायपोचा अर्धा विसरला तर k दुप्पट. हायपोची बाटलीवरची संहती घेतली आणि मिश्रणात ती दहापट विरळ होते हे विसरलं तर k दहापट. वेळ मिनिटांत घेतला तर साठपट. सगळ्या वेळी रकाना शिस्तीत उभा.

यातली एक बाब निव्वळ चूक नाही, नावाचा घोळ आहे. ०.०१०१ हा आकडा हायपो संपण्याच्या दराचा स्थिरांक म्हणून बरोबरच आहे. फक्त तो अभिक्रियेचा नाही. अभिक्रियेचा दर ठरवताना कुठलाही पदार्थ घ्या, त्याचा बदल समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागायचा असतो, म्हणजे सगळ्यांवरून एकच दर निघतो. तुमचा k आणि पुस्तकातला k यांत नेमका दोनाचा किंवा तिनाचा फरक आला, तर आकडेमोड खोडण्याआधी दोघांनी दर कशाचा धरला होता ते बघावं. बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं.

एककांचंही एक वाक्य इथे सांगतो. k चं एकक कोटीप्रमाणे बदलतं. एकूण कोटी २ असेल तर लिटर प्रति मोल प्रति सेकंद, ३ असेल तर लिटर आणि मोल दोन्हींचे वर्ग. तिने चौकटीत एकक लिहिलंच नव्हतं. लिहिलं असतं तरी आकडा चुकीचा राहू शकला असता, पण कोटी आणि k एकमेकांशी बोलताहेत की नाही ते लगेच कळलं असतं.

मग दोनाची चूक पकडायची कशी? तक्त्याच्या बाहेर जाऊन. पहिल्या ओळीचंच मिश्रण करायचं, पण हायपो न घालता. दोन मिनिटं चालू द्यायचं. मग बर्फाच्या पाण्यात ओतून अभिक्रिया जवळपास थांबवायची आणि सुटलेलं आयोडीन ब्युरेटमधून हायपो सोडून मोजायचं. k ०.००५ असेल तर ५० मिलिलिटर मिश्रणात जेवढं आयोडीन असेल त्याला ०.०१ मोलरचा हायपो साधारण नऊ-साडेनऊ मिलिलिटर लागेल. k ०.०१ असेल तर सतरा-अठराच्या आसपास. ब्युरेटवर इतका फरक चष्मा न लावताही दिसतो. फक्त इथेही आयोडीनचा एक रेणू हायपोचे दोन आयन खातो, हे विसरायचं नाही. दोन्हीकडे सारखंच विसरलं तर चूक चुकीला जुळेल आणि मन अगदी शांत होईल.

हे सगळं आकड्यांच्या चुकांबद्दल झालं. बीकरमधल्या चुका वेगळ्या, आणि त्या रकान्यात फार सोज्वळ रूपात येतात. या प्रयोगातली नमुनेदार चूक म्हणजे विरळ करायला साधं पाणी वापरणं. परसल्फेट निम्मं घेतलं, उरलेली जागा पाण्याने भरली. वरवर पाहता योग्यच. पण परसल्फेट आणि आयोडाइड दोघांवरही ऋण प्रभार आहे. ते एकमेकांना ढकलतात. द्रावणात इतर क्षारांचे आयन दाटीने असले की ही ढकलाढकल मंदावते आणि भेटी वाढतात. पाणी घातल्यावर परसल्फेट निम्मं झालं ते झालंच, वर ही गर्दीही ओसरली. दर निम्म्याहूनही खाली जातो. नेहमीच्या सूत्राने अंदाज केला तर अशा मिश्रणात दर सुमारे अडीच पटीने घटतो आणि परसल्फेटचा घात १.३ च्या आसपास दिसतो. आयोडाइडचा घात मात्र १.१ च्या आतच राहतो, कारण आयोडाइडवर एकच प्रभार असतो आणि ते निम्मं केल्याने गर्दी फारशी हलत नाही. म्हणून एकाच तक्त्यात परसल्फेट १.३ आणि आयोडाइड १.१ असं दिसलं, की विद्यार्थ्याने पाणी वापरलं हे मी जर्नल बंद ठेवूनही सांगू शकायचो. उपाय साधा आहे. जेवढं पोटॅशियम परसल्फेट कमी, तेवढं पोटॅशियम सल्फेट भरायचं. जेवढं आयोडाइड कमी, तेवढं पोटॅशियम नायट्रेट. प्रभारांची गर्दी तेवढीच राहते, अभिक्रिया करणारे तेवढे कमी होतात.

अशा वेळी १.३ हा आकडा '१ च असणार' म्हणून गुंडाळून टाकण्याचा मोह होतो. उत्तर बरोबर येतं आणि कारण कायमचं हरवतं. उलट, '१.५ च्या जवळ आहे' असं म्हणणाराही भेटतो, आणि त्याला हसता येत नाही, कारण अर्धे घात खरोखर असतात. हायड्रोजन आणि ब्रोमीन यांचं त्याचं ठळक उदाहरण. माक्स बोडेनस्टाइन आणि सॅम्युएल लिंड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही अभिक्रिया मोजली. सुरुवातीच्या दरांत हायड्रोजनचा घात १ आणि ब्रोमीनचा अर्धा, एकूण दीड. पण त्यांनी मोजणी तिथेच थांबवली नाही, अभिक्रिया पुढे चालू दिली. तेव्हा दिसलं की तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइड स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतं. कारण कळायला आणखी दहाबारा वर्षं गेली. क्रिस्टियनसन, हर्झफेल्ड आणि पोलान्यी या तिघांनी १९१९-२० च्या सुमारास वेगवेगळं काम करून ब्रोमीनच्या सुट्या अणूंची साखळी मांडली. आपल्या तक्त्याच्या दृष्टीने यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की केवळ प्रारंभिक दरांचा तक्ता केला असता, तर हा लगाम कधीच दिसला नसता. सुरुवातीला बीकरमध्ये उत्पादित नसतंच, मग त्याचा परिणाम दिसणार कुठून? रकाना एकसारखा येईल, घात दीड येईल, सगळं जुळेल, आणि निम्मी गोष्ट दाराबाहेर उभी राहील. उत्पादिताची शंका असेल तर एका ओळीत ते सुरुवातीलाच मुद्दाम घालून बघावं लागतं.

त्या मुलीला मी एक शेवटचं काम सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारही ओळी कर, सकाळी, आणि सगळ्यांत शेवटी पहिली ओळ परत कर. ती दोन दिवसांनी आली. सकाळच्या चारही ओळी आधीसारख्याच, पहिली ६२ सेकंदांचीच. पण पहिली ओळ परत करायची राहिली म्हणून तिने ती दुपारी डबा खाऊन आल्यावर केली. ५८ सेकंद आले. "हात चुकला असेल," म्हणाली. तीनदा केली होती, तिन्ही वेळा ५८ च्या आसपास.

६२ आणि ५८ यांत दर सुमारे ७ टक्के वाढलेला आहे. या अभिक्रियेचा दर एक अंशाला साधारण तेवढाच वाढतो. "तापमान किती होतं?" मी विचारलं. सकाळचं तिने लिहिलंच नव्हतं. दुपारचं थर्मामीटरवर पाहिलं होतं, २९ अंश. मग सकाळचं २८ असणार, असं तिनेच हिशेब करून सांगितलं, आणि चौकटीत ०.००५० च्या पुढे एकक लिहिलं, त्याच्या पुढे '२८° से.' लिहिलं, आणि वर बारीक अक्षरात 'अंदाजे'.